प्रतिवादीच नेमणूक करणार?

सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदली, बढती, निवृत्तिवेतनाच्या दाव्यांनी उच्च न्यायालये तुंबू नयेत म्हणून १९८५च्या कायद्याने प्रशासकीय न्यायाधिकरणे आली. आपले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे ‘मॅट’ त्यातलेच. पण तिथे प्रतिवादी बहुतेक वेळा सरकार असते आणि सदस्यांच्या नेमणुका, जागा, कर्मचारी हेही सरकारच्याच हाती. जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणांच्या सदस्यांची चार वर्षांची पदाची मुदत रद्द केली. महिनाभरात संसदेने तीच कायद्यात पुन्हा घातली (याला हट्टच म्हणायचे). ती नोव्हेंबर २०२५मध्ये पुन्हा रद्द झाली. मुदत इतकी छोटी असली की फेरनेमणुकीवर डोळा असलेला सदस्य सरकारविरुद्ध कितपत ठाम राहील? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या चंद्रकुमार निकालामुळे ‘मॅट’च्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, पण त्यात कर्मचाऱ्याची आणखी काही वर्षे जातात.

– एक निवृत्त कर्मचारी, सातारा