४७ नंबरचा अंगठा

प्रिय सुमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा होता तसाच, सासूबाईंची शुगर आटोक्यात. आरोग्यवार्ता समाप्त. फोनवर बोलता आलं असतं, पण तू मध्येच तोडतेस आणि मग आपलं भांडणच होतं. कागदावर तुला मला तोडता येत नाही.

परवाच्या पेपरला गेटवर पडताळणीच्या टेबलाशी मीच होते. पद्धत अजून आपल्या वेळचीच आहे. पहिल्या पेपरला वर्गात बाकाबाकावर मशीन फिरवून डाव्या अंगठ्याचे ठसे नोंदवायचे आणि पुढच्या पेपरांना गेटवर प्रवेशपत्राचा बारकोड वाचून ते जुळवायचे. रांग नीट सरकत होती. ४६ नंबरचा मुलगा हिरवा होऊन आत गेला आणि मागची ४७ नंबरची मुलगी लाल. पुन्हा लाल. अंगठा पुसून लाल, ओल्या रुमालाला टेकवून लाल.

तिचे हात बघताच टेबलावरच्या सगळ्यांनी निकाल देऊन टाकला. कातडी भेगाळलेली, बोटांची टोकं पांढरी पडलेली. कुठेतरी धुण्यापुसण्याचं काम करते म्हणाली. ‘ठसे झिजलेत, सोडा तिला बाजूला,’ असं म्हणून आमचा नवा मदतनीस तिची एकेक करून दहाही बोटं काचेवर ठेवायला लागला. मी त्याचा हात धरला. कारण तुला माहीत आहे, किंवा खरं तर तुला ते कधीच पटलं नाही. एका अनोळखी बोटाची चुकून जुळणी व्हायची शक्यता हजारात एक धर. दहा बोटं, प्रत्येक तीनदा, म्हणजे तीस संधी. हजारात एकाची शंभरात तीनच्या आसपास जाते. हिरवा दिवा लागेपर्यंत बोटं लावत राहायचं असेल तर मशीन ठेवायचंच कशाला?

हो, आलं तुझ्या ओठांवर. ‘थ्रेशोल्ड खाली कर, हिरव्याला लागणारा आकडाच उतरव, रांग संपव.’ त्यावरून आपण स्टाफरूममध्ये जे भांडलो, ते बापूंना अजून पाठ आहे. काकूंच्या वेळचं मी विसरलेले नाही गं. कॅन्सरवरच्या त्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी त्यांचे तळहात सोलून निघाले, बोटं गुळगुळीत झाली, आणि तू त्यांना घेऊन खिडकी-खिडकी फिरलीस. तेव्हापासून लाल दिवा दिसला की तुला काकूच दिसतात. पण परवा थ्रेशोल्ड खाली करून काहीही झालं नसतं, हेच तुला सांगायचंय.

मी सुपरवायझरच्या लॉगिनने आतले आकडे उघडले. टेबलावर नुसता लाल-हिरवा दिवा दिसतो, पण आत दोन वेगळे आकडे असतात. एक ठशाच्या दर्जाचा, दुसरा जुळणीचा. कोरड्या बोटाच्या रेषा तुटून ठिपके ठिपके होतात, ओल्याच्या एकमेकींत मिसळतात, आणि दोन्हीकडे दर्जा घसरतो. हिचा दर्जा चक्क चांगला होता. भेगा होत्या, पण रेषा जिथे संपतात, जिथे फुटतात, त्या जागा स्वच्छ दिसत होत्या. आणि जुळणीचा आकडा? प्रत्येक वेळी तळाला. झिजलेलं बोट असं वागत नाही. त्याचा आकडा वरखाली होतो, कारण दर खेपेला काचेला थोडा वेगळा भाग टेकतो. एखाद्या वेळी तो थ्रेशोल्डच्या अगदी जवळ येऊन हुकतो. स्वच्छ ठसा आणि सतत तळाचा आकडा, याचा अर्थ बहुधा नोंदीतलं बोट आणि समोरचं बोट दोन निरनिराळ्या माणसांचं.

मग तपासणीच्या खिडकीत तिच्याच अंगठ्याचे दोन ठसे लागोपाठ घेतले आणि ते एकमेकांशी जुळवून पाहिले. मस्त जुळले. म्हणजे काच ठीक, बोट ठीक. आता दोन मोठ्या शक्यता उरल्या. मुलगी तोतया, नाहीतर नोंद दुसऱ्याची. आणि सुमे, या जागी मशीन गप्प बसतं. दोन्ही बाबतींत त्याचं उत्तर सारखंच असतं.

केंद्रप्रमुखांना मात्र एकच शक्यता सुचली. ते तिला कोपऱ्यात घेऊन ‘खरं सांग’ सुरू झाले. (आवाज तोच, स्नेहसंमेलनात अध्यक्षीय भाषणाला काढतात तो.) ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘सर, त्या दिवशी शेजारच्या मुलाच्या वेळी मशीन दोनदा वाजलं होतं.’ कोणी लक्ष दिलं नाही. खरं सांगू, मलाही त्याचा अर्थ लागला तो ४८ लाल झाला तेव्हा. मग ४९, ५०, ५१. ५२ आलाच नाही. ५३ हिरवा.

पाच तोतये ओळीने उभे राहतील? टोळी असती तर ती हॉलभर विखुरली असती. मी ४७चा अंगठा ४८च्या नोंदीशी लावला. हिरवा, आणि आकडा दणदणीत. ४८चा ४९च्या नोंदीशी, हिरवा. तसं करत करत ५१चा ५२शी. मग पहिल्या दिवसाची हजेरी काढली, तर ५२ त्या दिवशीही गैरहजर! न आलेल्या माणसाचा ठसा नोंदीत आहे, आणि तो ५१ नंबरचा आहे. शेवटी ४७ची नोंद आत गेलेल्या ४६च्या सकाळच्या ठशाशी जुळवली. हिरवी. त्या मुलाच्या नावावर एक नोंद आणि त्याचं बोट मात्र दोन नोंदींत.

आता तुझ्या डोक्यात चित्र आलं असेल. ठसा सेव्ह झाला की पडदा आपोआप पुढच्या नंबरवर जातो. ४६चा सेव्ह झाला, पण बीप उशिरा आला. त्याला वाटलं झालं नाही, म्हणून त्याने पुन्हा अंगठा ठेवला आणि तो ४७वर जाऊन बसला. तिथून सगळे एकेक घर पुढे सरकले. ५२चं बाक रिकामं होतं. ऑपरेटर ते बाक ओलांडून ५३कडे गेला, पण पडद्यावर ५२ आधीच भरून गेला होता, त्यामुळे तिथून गाडी पुन्हा रुळावर. शेवटी पडदा आणि बाक पुन्हा जुळलेले दिसले असतील, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. दर सेव्हच्या आधी पडद्यावरचा फोटो आणि बाकावरचा चेहरा ताडून पाहायचा, एवढं एक काम राहिलं.

तरी एक गोष्ट मी साहेबांना स्पष्ट सांगितली. यातून इतकंच कळतं की आज आलेली मुलगी आणि पहिल्या पेपरला ४७च्या बाकावर बसलेली मुलगी एकच. तिचं नाव खरंच तेच आहे का, हे अंगठा सांगत नाही. त्यासाठी अर्जावरचा फोटो, सही, ओळखपत्र. ते सगळं पाहिलं, पाचही जणांचं. हमीपत्र लिहून घेतलं, शाईचे ठसे घेतले, चेहऱ्याचे फोटो काढले आणि आत सोडलं. तोवर प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या. ४७ सगळ्यात आधी अडली आणि तिचाच सगळ्यात जास्त वेळ गेला. वाढीव वेळ द्यायचा अधिकार केंद्राला नाही. हे अजून मनातून जात नाहीये.

आणि तेवढ्यावर संपलं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं! पेपर चालू असतानाच साहेब म्हणाले, ‘आजचे ठसे नव्याने नोंदवून टाका ना, सगळं हिरवं होईल.’ मी नाही म्हटलं. जुनी नोंद पुसली की ‘४८च्या नोंदीत ४७चा ठसा आहे’ हा पुरावाही पुसला जातो, आणि मग उद्या कोणी चौकशी केली तर त्या पाच मुलांकडे दाखवायला काय उरतं? शिवाय लाल दिसलं की नवा ठसा घ्यायचा, ही सवय एकदा केंद्राला लागली की खऱ्या तोतयाला आणखी काय हवं? साहेब दोन तास माझ्याशी बोलले नाहीत. बरं वाटलं, म्हटलं तर खोटं नाही.

पण वर जाणाऱ्या तक्त्यात ‘जुळले’ आणि ‘जुळले नाही’ एवढेच दोन रकाने आहेत, आणि शेऱ्याला बोटभर जागा. त्या तक्त्यावरून पाचही निकाल राखून ठेवले जाऊ शकतात. म्हणून मी वेगळा अहवाल केला. कोणाचा ठसा कोणत्या नोंदीशी कोणत्या आकड्याने जुळला ते सगळं, शिवाय पहिल्या दिवसाची हजेरी आणि नोंदींच्या वेळा. ४६ आणि ४७च्या नोंदींत जेमतेम दोन सेकंदांचं अंतर आहे. इतक्या वेळात बाक बदलून दुसऱ्याचा अंगठा घेता येत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला तेवढी एक ओळही पुरेल. पण वाचणार कोण, ही धास्ती आहेच. जोडपत्रं वेगळी होऊन फायलीत कशी हरवतात ते आपण दोघींनी पाहिलंय.

आता दुसरं. त्या नोंदींच्या प्रत्येक ओळीत ऑपरेटरचं लॉगिन येतं. मी ते झाकू शकत नाही, आणि झाकणारही नाही. पण ते लॉगिन बंड्याच्या धाकट्याचं आहे. तूच त्याला या कामाला लावलंस, तूच शिकवलंस. त्याने मुद्दाम काही केलेलं नाही, हे नोंदींच्या वेळा बघूनच कळतं. सगळा हॉल अर्ध्या तासात उरकायला लावला होता त्याला. अहवालात मी तेही लिहिलंय, आणि बीप उशिरा येतो हेही. तरीही वरून पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवलं जाईल. ऑफिसचं पत्र मिळण्याआधी त्याला तुझ्याकडून कळलेलं बरं. माझ्याशी तो नीट बोलत नाही, बंड्याच्या लग्नातल्या त्या प्रकारापासून. (चूक तुझीच होती, पण सोड.) त्याला सांग, त्या दिवशीचं जे आठवतंय ते आत्ताच, तारीख घालून, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेव. ४६च्या बाकापाशी काय झालं, त्याला घाई कोण करत होतं, सगळं. आणि ‘मला काही माहीत नाही’ असं मात्र लिहू नको म्हणावं.

तुझं काय? घराची गळती थांबली का? पिंकीची बदली झाली असं ताईकडून कळलं. कुठे, ते तिला सांगता आलं नाही. यांच्या मावसभावाने तुझ्याकडची ती शिडी परत मागितली आहे, मी कानावर हात ठेवलेत.

एक काम आठवणीने कर. आपण मशीनवाल्यांसाठी लिहिलेली ती चार पानी सूचना तुझ्याकडे असेल, हिरव्या फायलीत. तिसऱ्या पानावर फोटो ताडून पाहण्याची ओळ आहे, मला वाटतं तुझ्याच अक्षरात. अहवालाला जोडायची आहे. फोटो काढून पाठव, सरळ धरून. मागच्या वेळी तुझा अंगठाच अर्ध्या पानावर आला होता.

तुझी,
नली