बंद फ्लॅटचा वास

नागपूर,
12 मे

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

काकूंचा त्रिमूर्तीनगरचा बंद फ्लॅट बघायला आलेलं जोडपं पाच मिनिटांत का निघून गेलं, असं तू विचारलं होतंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. चूक माझीच होती. दार उघडल्यावर कुबट वास आला, म्हणून ते यायच्या आधी मी मोगऱ्याचा स्प्रे भरपूर मारला. बाईंनी आत पाऊल टाकताच विचारलं, "भिंतीत ओल आहे का हो?" एवढा सुवास दरवळला की काहीतरी झाकलंय, हे लोकांना लगेच कळतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळी दारं लावून एकेक खोली हुंगत फिरलो. नाक वासाला लवकर सरावतं, म्हणून मध्ये दोनदा गॅलरीत जाऊन आलो. वास सगळ्यात जास्त न्हाणीघराच्या जाळीशी होता. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात दोनेक इंच पाणी साचून राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. काकू दिवाळीनंतर पुण्याला गेल्या, त्यात आपला उन्हाळा. टॉर्च मारून पाहिलं तर ट्रॅप कोरडा ठणठणीत! दोन्ही बाथरूम, बेसिन आणि धुण्याच्या जागेत दोन-दोन मग पाणी ओतलं. वर चमचाभर गोडेतेल सोडलं. तेलाचा तवंग राहिला की पाणी लवकर उडत नाही. कमोडलाही फ्लश केलं. संध्याकाळपर्यंत तो घाण वास गेला. गेला नसता, तर ट्रॅप तडकलाय असं समजून प्लंबर बोलवावा लागला असता.

तरी हॉलमध्ये एक आंबूस वास उरलाच. तो कूलरचा. मागच्या वर्षीचं पाणी टाकीत तसंच वाळलेलं, तळाशी हिरवट गाळ आणि गवताच्या ताट्या काळ्या पडलेल्या. तो चालू केला असता तर वास घरभर फिरला असता. टाकी घासून उन्हात सुकवली, जुन्या ताट्या फेकल्या आणि इतवारीतून वाळ्याच्या आणल्या. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी कूलर लावायचा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची. नाहीतर दमट हवा कोंडते आणि पुन्हा कुबट वास येतो. ओल्या वाळ्याचा तो मातकट गारवा उन्हातून आलेल्या माणसाला लगेच भावतो. आणखी काही लावायची गरजच नाही. उदबत्तीही नको.

रविवारी सकाळी दुसरं कुटुंब येतंय. स्वयंपाकघराचे तेलकट पडदे मी काढून धुतले. मागच्या खोलीतल्या काकूंच्या गादीला दोन दिवस ऊन दिलं, पण ती अजून वास धरून आहे. ठेवू की काढून टाकू, ते काकूंना विचारून शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
सुध्या