फर्स्ट ओनर आणि 47,912 किलोमीटर सांगून दाखवलेल्या गाडीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

मी नाशिकला इंदिरानगरला राहतो. तुमच्या इथल्या शाखेतून नोव्हेंबर 2017 ची पांढरी पेट्रोल हॅचबॅक, एमएच 15 पासिंग, बघितली आणि 25,000 रुपये टोकन भरलं. जाहिरातीत लिहिलं होतं फर्स्ट ओनर, 47,912 किमी, फुल सर्व्हिस हिस्ट्री. सर्व्हिस बुक मागितलं तर तुमचा सेल्सचा मुलगा म्हणाला, ओनरकडून घर शिफ्ट करताना हरवलं, पण गाडी टकाटक आहे सर. बुक हरवणं समजू शकतो, घराघरात हरवतं, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या शिक्क्यांवर माझा तसाही फारसा भरवसा नाही, शिक्का कुणीही मारू शकतो. मला रेकॉर्ड हवं होतं, आणि ते बुकात नाही तर वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. दर वेळी गाडी आत घेताना जॉबकार्ड बनतं आणि त्यावर त्या दिवसाचं मीटर रीडिंग टाकतात. तेवढं काढून द्या म्हणून नऊ दिवस तुमच्या मागे लागलो, रोज "उद्या मिळेल सर".

शेवटी मीच सुरुवात केली. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला तर ओनर सिरीयल नंबर 2 आला. म्हणजे तुमचं फर्स्ट ओनर तिथेच खोटं ठरलं, आणि हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. अ‍ॅपवर मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, पण तुम्हीच पाठवलेल्या आरसीच्या फोटोत पूर्ण नाव आणि निफाड तालुक्यातला पत्ता होता, म्हणून रविवारी सरळ तिकडे गेलो.

तिथले काका द्राक्षवाले. मी गाडीचं नाव काढल्यावर त्यांनी आधी फोन काढून मलाच चलन दाखवले, कारण त्यांनी ही गाडी ऑक्टोबर 2023 मध्येच एका एजंटला विकलीय, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या आणि ट्रान्सफर आजतागायत झालेलं नाही, त्यामुळे दुसऱ्याच कुणाचे दंड यांच्या मोबाईलवर येतायत. नियमाने विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करून घ्यायचं. इथे दोघांनीही केलं नाही. म्हणजे जाहिरातीत मालक एक, आरसीवर दोन, आणि प्रत्यक्षात गाडी किमान तीन हातांतून गेलीय, पैकी तिसरा कागदावर कुठेच नाही. तुम्ही गाडी घेतलीत कुणाकडून, हे त्यामुळे मला आधी कळायला हवं.

काकांनी मनापासून मदत केली. सर्व्हिस हिस्ट्री वर्कशॉप कुणालाही देत नाही, मालकाच्या नंबरवर ओटीपी जातो, तो त्यांनी माझ्यासमोर सांगितला आणि प्रिंट मिळाली. डिसेंबर 2017 ला 1,040, नोव्हेंबर 2018 ला 14,870, सप्टेंबर 2020 ला 46,100, नोव्हेंबर 2021 ला 61,240. इथपर्यंत सरळ चढती रेघ, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. मग सव्वादोन वर्षं काहीच नाही, आणि फेब्रुवारी 2024 च्या जॉबकार्डवर 38,460. मोबाईल नंबरही काकांचा नाही, दुसऱ्याच कुणाचा.

मधला गॅप बघून मी लगेच ओरडलो नाही हे लक्षात घ्या. वॉरंटी संपली की बरेच लोक गावातल्या गॅरेजला जातात, तिथलं कंपनीच्या सिस्टीमला काहीच दिसत नाही, त्यामुळे नुसता गॅप म्हणजे लबाडी असं नाही. रीडिंग टाकताना माणसाकडून आकडा चुकूही शकतो. पण चुकलेला आकडा असेल तर पुढचं रीडिंग परत जुन्या रेघेवर येतं. इथे 38,460 च्या पुढे आज मीटरवर 47,912 आहे, म्हणजे मीटर खाली आला आणि तिथूनच पुढे चालला. मीटरचा कन्सोल बदलला असेल म्हणाल तर तो मोठा पार्ट आहे, बिलात दिसला असता, प्रिंटमध्ये तशी एकही ओळ नाही.

माझी उरलीसुरली शंका काकांच्या फाईलने घालवली. मे 2023 मध्ये पुढून गाडी ठोकली होती, बंपर आणि रेडिएटर बदलले, इन्शुरन्सचा क्लेम घेतला, आणि गॅरेजच्या त्या बिलावर किलोमीटर लिहिलेत, 84,350. कार्बन कॉपी पुसट झालीय पण आकडा वाचता येतो, मी फोटो काढलाय. 2021 पासून तोच पंधरा हजारांचा वेग धरला तर बरोबर तिथेच बसतो. त्या वेगाने फेब्रुवारी 2024 ला गाडी साधारण 95 हजारांवर असणार, पुढे मीटर 9,452 चालला, म्हणजे आज खरं रीडिंग एक लाख पाच हजारांच्या आसपास. हा माझा हिशोब आहे, पाच हजार इकडेतिकडे धरा, पण 84,350 हा हिशोब नाही, तो लिहिलेला आकडा आहे.

तुमच्या मुलाने अजून एक गोष्ट सांगितली होती ती पण लिहितो. जुन्या पॉलिसीत नो क्लेम बोनस आधी 35 टक्के आणि नोव्हेंबर 2021 ला शून्य दिसला, मी विचारलं तर म्हणाला, छोटा क्लेम असेल सर. खरं तर बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. गाडी विकली की जुना मालक आपला बोनस घेऊन जातो आणि नवा शून्यापासून सुरू करतो. काकांनी गाडी ऑगस्ट 2021 मध्येच घेतली होती, म्हणून शून्य. म्हणजे दुसरा मालक आहे हे तुमच्याच फाईलमधली पॉलिसी सांगत होती आणि तुमच्या माणसाने ते क्लेमवर ढकललं, आणि जो खरा क्लेम 2023 चा, त्याबद्दल तुमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये एक शब्द नाही, उलट "नो अ‍ॅक्सिडेंट" वर टिक आहे.

टायर तरी कुणी बघायला हवे होते. साईडवॉलवर चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष, या गाडीच्या मागच्या दोन्ही टायरवर 2320 आहे, म्हणजे 2020 चा तेविसावा आठवडा. 2017 च्या गाडीला 2020 चे टायर म्हणजे एक सेट तेव्हाच संपलेला, आणि हाही आता गोटा झालाय. एवढ्यावरून मी कुणाला दोषी धरणार नाही, पण रोज गाड्या बघणाऱ्याने तरी 47,912 वर विश्वास ठेवायला नको होता.

ही गाडी मी बायकोसाठी बघत होतो, ती रोज सिन्नरला नोकरीला जाते, हायवेने. पन्नास हजार आणि एक लाख किलोमीटरच्या गाडीत क्लच, सस्पेन्शन, सगळ्याचाच फरक पडतो आणि पुढून ठोकलेली गाडी असेल तर मला ते माहीत असायलाच हवं होतं.

मला माझे 25,000 रुपये पूर्ण, काहीही कापून न घेता, 15 दिवसांत त्याच खात्यावर परत हवेत. ही जाहिरात आजच काढा, दुसऱ्या कुणाला हीच गाडी जाऊ नये. आणि तुम्ही गाडी कुणाकडून, कोणत्या तारखेला घेतलीत ते लेखी द्या, म्हणजे काकांना आरटीओत ते दाखवता येईल, त्यांच्या नावावर अजूनही चलन येतायत. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर तक्रार नोंदवून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

जॉबकार्डची प्रिंट, गॅरेजचं बिल, दोन्ही पॉलिसी, टायरचे फोटो आणि तुमच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय. काकांचा नंबर त्यांना विचारूनच देईन.

आपला ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक