आत्याचा पंखा आणि एकशे एकावे युनिट

सातारा,
मे 2024

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. इतके महिने तुला पत्र नाही, याचे मनाला फार लागले आहे. इकडे सर्व कुशल असून माझा गुडघा पूर्वीसारखाच दुखतो. आज मात्र लिहायला बसलो, कारण आत्याने भर उन्हाळ्यात रात्रीचा पंखा बंद ठेवायला सुरुवात केली आहे. तिचे मन वळवू शकेल असा माणूस तुझ्याखेरीज मला दुसरा दिसत नाही. माझ्या हिशेबावर तिचा विश्वास नाही, तुझ्या हिशेबावर मात्र आहे. तिच्या किराण्याच्या बेरजा तू दर रविवारी करून द्यायचास, हे ती अजून सांगते.

झाले असे. मार्चमध्ये ती ताईकडे गेली होती आणि मीटर घराच्या आत असल्याने दाराला कुलूप पाहून रीडिंग घेणारा परत गेला. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे मिळून 190 युनिटांचे बिल आले. शेजारच्या काकूंनी ते वाचून सांगितले, ‘शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो.’ दिल्लीच्या भाच्यानेही फोनवर त्याला दुजोरा दिला. त्याचे म्हणणे त्याच्या गावापुरते खरेच आहे. दिल्लीत महिन्याला 200 युनिटांपर्यंत सरकारी सवलतीमुळे बिल शून्य येते, 201 ते 400 युनिटांना निम्मी सवलत मिळते, तीही जास्तीत जास्त 800 रुपये, आणि 400 च्या पुढे सवलत अजिबात नाही. तिथे एका युनिटाने सीमा ओलांडली तर बिल खरोखर उडी मारते. आपल्याकडे मात्र दर सवलतीच्या उंबरठ्यावर अवलंबून नाहीत, टप्प्यांवर आहेत; ही गोष्ट आत्याला कोणीतरी शांतपणे सांगायला हवी.

आपल्या घरगुती दरपत्रकात यंदा एप्रिलपासून पहिल्या 100 युनिटांना प्रत्येकी 4.71 रुपये, 101 ते 300 या टप्प्यातील युनिटांना 10.29, 301 ते 500 मधील युनिटांना 14.55 आणि त्यापुढच्यांना 16.64 रुपये दर आहे. पहिला हंडा भरल्यावर दुसऱ्यात पाणी पडू लागते, पण पहिल्यातले पाणी तिथेच राहते. तसेच हे आहे. महिन्याला 110 युनिटे जळाली, तर पहिल्या शंभरांचे 471 रुपये ठरलेलेच आहेत आणि वरच्या दहांचे 102.90 त्यात मिळवायचे, म्हणजे वीज आकार 573.90 झाला. आत्या मात्र 110 ला सरळ 10.29 ने गुणते आणि 1131.90 रुपयांच्या धसक्याने रात्री घामाघूम होऊन पडून राहते.

आता पंख्याचे खरे पाहू. तिचा पंखा 75 वॅटचा आहे; रात्री आठ तास चालला तर 0.6 युनिट, म्हणजे तीस रात्रींची 18 युनिटे. पंख्याशिवाय तिचा महिन्याचा वापर साधारण 92 युनिटे धरला, तर पंख्यासह तो 110 होतो. त्या 18 युनिटांपैकी आठ युनिटे अजून खालच्याच टप्प्यात बसतात आणि फक्त दहा वर जातात. प्रत्येक युनिटावर 1.17 रुपये वहन आकार लागतो आणि त्या साऱ्यावर 16 टक्के वीज शुल्क. हे धरून खालच्या टप्प्याचे एक युनिट 6.82 रुपयांना पडते आणि वरच्याचे 13.29 रुपयांना. म्हणून तिच्या संपूर्ण महिन्याच्या झोपेचा खर्च जेमतेम 187 रुपये 50 पैसे आहे. यात इंधन समायोजन आकार मी धरलेला नाही, कारण तो महिन्यागणिक बदलतो. स्थिर आकारही धरलेला नाही, कारण पंखा लावला काय आणि न लावला काय, तो तेवढाच राहतो.

इथे तुला आपली सदाशिव पेठेतली खोली आठवली असेल, हे मी पैजेने सांगतो. पाणी तापवायचा रॉड तू आणलास आणि बिल वरच्या टप्प्यात गेले, तेव्हा ‘वरची युनिटे तुझ्या रॉडची, तूच भर’ असे मी म्हणालो होतो. तू म्हणालास की बिलावर कोणते युनिट आधी जळाले ते लिहिलेले नसते, सर्वांनी सरासरीनेच भरावे. त्यावरून दोन दिवस अबोला आणि तिसऱ्या दिवशी मिसळ. दिनू, माझे मत अजून बदललेले नाही. एखादी वस्तू बंद केल्याने किती वाचेल असे विचारले, तर उत्तर सर्वांत वरच्या टप्प्यापासून खाली उतरतच मोजावे लागते, आणि आत्याच्या पंख्याचा हिशेब मी तसाच केला आहे. मात्र झालेले बिल चौघांत वाटायचे असेल, तर तुझे सरासरीचे म्हणणे न्याय्य वाटण्यासारखे आहे, हे मी मान्य करतो.

राहिले ते 190 युनिटांचे बिल. काकूंच्या मते त्यातली सगळीच युनिटे वरच्या दराने गेली. परंतु ती दोन महिन्यांची आहेत आणि टप्प्याची मर्यादा दर महिन्याची असते. म्हणून प्रत्येक महिन्याला 95 धरले की एकही युनिट शंभराच्या पुढे जात नाही. आता ही दोन्ही महिन्यांची युनिटे समजण्यापुरती यंदाच्याच दराने मांडू. वीज आकार 894.90 रुपये येतो. तीच 190 युनिटे एकाच महिन्याची समजून टप्पे लावले असते तर 1397.10 रुपये आले असते. तिचे बिल मी स्वतः ताडून पाहिले. त्यावर ‘वीज आकार’ ही ओळ वेगळी असते, आणि मार्चची युनिटे जुन्या दराने धरून ती बरोबर महिन्यांत विभागलेली आहे. पुढे कधी असे जोडबिल आले तर तिने हीच ओळ पाहावी: एकूण युनिटांना महिन्यांच्या संख्येने भागावे, एका महिन्याचे टप्पे लावावेत आणि आलेल्या रकमेला महिन्यांनी गुणावे. दोन महिन्यांचे दर वेगळे असतील तर प्रत्येक महिन्याला त्याचा दर लावावा. बिल त्याहून बरेच जास्त असेल, तरच कार्यालयात जावे.

हे सर्व मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, ‘तू लहानपणापासून वाढवूनच सांगतोस.’ तेव्हा तू रविवारी दुपारी तिला फोन कर आणि फक्त दोनच बेरजा सांग: 92 युनिटांची आणि 110 युनिटांची. दोन्ही आकडे तिला कागदावर लिहायला लाव, म्हणजे पटेल.

तुझ्या बदलीचे काय झाले ते कळव, आणि वहिनींची तब्येत आता ठीक असेल अशी आशा आहे. चिनूचा निकाल लागला की लगेच सांग; तिच्यासाठी कंदी पेढे पाठवणार आहे. पंखा सुरू झाला की मी तुला कळवीन.

तुझा,
बाळू