क्रियापदाची वाट बघू नकोस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. आईला सांगितलं, नेटवर्क गेलं. तिला ते पटलं नाही, पण ती काही बोलली नाही. "बाबा, इंग्लिश मीडियमला घातलं असतंत तर आज ही वेळ आली नसती," या तुझ्या वाक्याला उत्तर म्हणून हे पत्र नाही. तो विषय मी काढणारच नाही. इंटरव्ह्यूत नेमकं काय झालं तेवढंच बोलू.

तू रडत रडत सांगितलंस ते सगळं मी नंतर कागदावर उतरवलं. 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' तू धडाधड म्हणालीस, कारण ते पाठ होतं. मग मॅडमनी विचारलं, प्रोजेक्टमध्ये अडचण काय आली? तू म्हणालीस, "ॲक्च्युअली मॅडम, इन द फार्म, द सॉइल विच इज देअर, इन दॅट द सेन्सर विच वी हॅव पुट, ड्यू टु वॉटर..." आणि अडकलीस. शेवटी म्हणालीस, "सॉरी मॅडम, माय इंग्लिश इज वीक."

आता हेच मराठीत म्हणून बघ. 'शेतात जी माती आहे, तिच्यात आपण जो सेन्सर लावला होता, तो पाण्यामुळे गंजला.' तू हेच वाक्य क्रमाने, एकेक शब्द बदलत नेलंस. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि ऐकणाराही त्याच्यासाठी थांबतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठीलाच लागतं. 'गंजला'ची पाळी येईपर्यंत तुझा श्वासही संपला आणि मॅडमचा धीरही.

आणि गंमत बघ, 'करोझन' हा शब्द तुला येत होता. रिपोर्टमध्ये तूच लिहिला आहेस. पण 'करोडेड' तू कधी तोंडाने म्हटलेलं नाहीस. कॉलेजची पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे नामं सगळी इंग्रजीतून आली. क्रियापदं मात्र घरातलीच राहिली: लावला, बिघडला, काढला, तपासला. मी इथे मॅनेजरसाहेबांच्या शेजारी बसून ट्रेनी पोरांचे इंटरव्ह्यू घेतो, तेव्हा दर वेळी हेच दिसतं. पोरगा 'कॅलिब्रेशन' अचूक म्हणतो आणि 'मी ते पुन्हा तपासलं' इथे गप्प होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की त्या उत्तराचे तुकडे कर. "द सेन्सर करोडेड. सो द रीडिंग वॉज राँग. आय यूज्ड अ कपॅसिटिव्ह सेन्सर. आफ्टर दॅट, द पंप वर्क्ड प्रॉपरली." चार वाक्यं झाली, आणि प्रत्येकात क्रियापद लवकर आलं. 'विच' एकदाही लागलं नाही. त्या दोन दांड्यांच्या सेन्सरमधून ओल्या मातीत करंट जातो म्हणून दांड्या खराब होतात, हे तूच मला दिवाळीत अंगणात कुंडी घेऊन समजावलं होतंस. मॅडमनी 'व्हाय?' विचारलं असतं, तर पाचवं वाक्य ते झालं असतं.

अजून एक खोड आपल्या भाषेची. आपण आधी कारण सांगतो, मग 'म्हणून' म्हणत निकालावर येतो. समोरच्याला निकाल आधी हवा असतो. 'व्हाय डिड यू चेंज द सेन्सर?' विचारलं तर मातीपासून सुरुवात करू नकोस. "बिकॉज इट करोडेड." मग थांब. त्यांना पुढचं हवं असेल तर ते विचारतील.

मी १९९६ साली पहिल्या इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा बोटाला पट्टी होती. आदल्या दिवशी लेथवर कापलं होतं. कार्बाइड टूल, फीड, डेप्थ ऑफ कट, सगळं घोकून गेलो होतो. साहेबांनी पट्टीकडे बघून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" आणि मी म्हणालो, "यस सर." त्यांनी परत विचारलं. मी परत "यस सर." 'आय कट माय फिंगर', चार शब्द गं. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, तुम्हाला पहिलीपासून. म्हणून मला वाटलं होतं की तुम्हाला ते जड जाणार नाही. आठवीला सेमीचा फॉर्म आला, तेव्हाही हेच वाटलं होतं. जाऊ दे. विषय काढणार नाही म्हणालो होतो.

तर सराव. मोबाईल समोर ठेव, रेकॉर्डिंग लाव आणि प्रोजेक्टमधली एकच घटना सांग, एका मिनिटात. लिहून काढू नकोस. लिहिलंस की पाठ करशील, आणि पाठ केलेलं पहिल्या उलट प्रश्नाला कोसळतं. क्रियापदं मात्र वहीत मांड, दहा-बाराच, भूतकाळातली: बिल्ट, टेस्टेड, फाउंड, चेंज्ड, फिक्स्ड अशी. नकार आला की 'डिड नॉट'च्या पुढे मूळ रूप, 'डिड नॉट वर्क'. 'डिड नॉट वर्क्ड' नाही. ऐकताना उच्चार सोड, फक्त एवढं बघ की कर्ता म्हटल्यावर क्रियापद किती शब्दांनी आलं.

आणि तू भरभर बोलतेस. चूक झाकायला आपण सगळेच तसं बोलतो. मग समोरून 'पार्डन?' येतं, आपल्याला वाटतं वाक्य चुकलं, आणि आपण नवं, अजून अवघड वाक्य जुळवायला घेतो. तसं करू नकोस. तेच वाक्य, तसंच, सावकाश म्हण. बहुतेक वेळा फक्त वेग नडलेला असतो. प्रश्न कळला नाही, तर नुसतं 'सॉरी' न म्हणता "डू यू मीन द सेन्सर ऑर द पंप?" असं विचार. हे विचारणाऱ्या पोरापुढे मी टिकमार्क करतो.

'माय इंग्लिश इज वीक' मात्र परत म्हणायचं नाही. माफी मागताना आत्या कशी पदर सावरते, तसं दिसतं ते. रागावतोय असं वाटलं ना? रागावत नाहीये. माफ कर. मला दिसतंय ते एवढंच की ते वाक्य तू एका झटक्यात, बिनचूक म्हणालीस. कर्ता, क्रियापद, सगळं जागेवर.

याने सगळं सुटेल असं नाही. 'पाच वर्षांनी कुठे असाल' असल्या प्रश्नांना ही भूतकाळाची वही चालत नाही, तिथे 'आय वाँट टु'पासून वेगळी सुरुवात करावी लागेल. ते नंतर बघू. मंगळवारपर्यंत सेन्सरचं एक उत्तर नीट झालं तरी पुष्कळ.

आई विचारतेय, तू रात्री जेवलीस का. मी विचारलं नाही, कारण तू फोन ठेवलास.

तुझा,
बाबा

ता. क. सेमीचा फॉर्म मी भरला नाही, कारण गणिताचे सर म्हणाले होते, पोरगी मराठीतून विचार फार स्वच्छ करते. ते चूक होतं की बरोबर, मला अजून कळलेलं नाही. रेकॉर्डिंग पाठव, कसंही झालं तरी.