दहा मिनिटांच्या सुट्टीतली गाणी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अभ्यासिकेत दीड तास सलग बसून झाल्यावर दहा मिनिटांत कोणती गाणी ऐकू, असं तू विचारलंस. गाणं कसं सुरू होतं याकडे सगळे बघतात. तू ते कसं संपतं ते बघ.

काही गाणी शेवटी आवाज हळूहळू कमी करत विरून जातात. ती संपली तरी पायाचा ठेका चालूच राहतो आणि पुस्तक उघडल्यावर डोक्यात तेच घुमत राहतं. याउलट तबल्याची तिहाई घे. तोच तुकडा तीनदा वाजतो, समेवर येतो आणि संपतो. आता पुढे काही नाही हे कानाला आपोआप कळतं. ढोल-ताशाची किंवा लेझीमची ध्वनिमुद्रणं मला म्हणूनच आवडतात. शेवट ठाम असतो आणि शब्द नसतात. शब्द नसणं तुझ्यासाठी विशेष महत्त्वाचं, कारण राज्यसेवेचा बराचसा अभ्यास कलमं, सनावळ्या आणि व्याख्या मनात घोळवण्याचा आहे. गाण्याची ओळ डोक्यात अडकली की नेमकी त्याच घोळवण्याच्या आड येते.

शब्दांचं गाणं हवंच असेल तर पाठ असलेलं घे. नवीन गाण्यात पुढे काय येतंय याकडे लक्ष लागून राहतं. पण एकच ओळ पुन्हा पुन्हा येणारी गाणी टाळ. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ (2016) अंगात जोर आणतं, यात वाद नाही, पण त्यातला तो एक शब्द पुढचा तासभर सोडत नाही. ते रविवारी ऐक.

वेग मोजायला यंत्र नको. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोज आणि चारने गुण. बत्तीस आले तर मिनिटाला 128. पेंगुळलेलं अंग जागं करायला 120 ते 135 मधलं गाणं पुरतं. त्याहून वेगवान गाण्यानंतर छाती धडधडत असतानाच खुर्चीत बसावं लागतं आणि पहिलं पान नुसतं डोळ्यांखालून जातं.

आता दहा मिनिटांचा हिशोब. पहिल्या मिनिटात गाणं लावूच नकोस. वहीच्या कडेला पुढचं काम एका ओळीत लिही: ‘मूलभूत हक्क, कलम 19 पासून, अपवाद लिहायचे.’ ‘राज्यघटना पुढे’ असं मोघम लिहिलंस तर परत आल्यावर कुठून सुरू करू, यातच पाच मिनिटं जातील. मग उठून गच्चीवर किंवा जिन्यात जा आणि तीन मिनिटांचं वेगवान गाणं उभ्याने, चालत ऐक. त्यानंतर तेवढंच लांब, पण 100 च्या आसपासचं दुसरं. हा क्रम उलटा करू नकोस, चढवून झालं की उतरवायचं. सात मिनिटं इथे झाली. इयरफोन काढून ठेव. उरलेली तीन पाणी प्यायला, तोंडावर पाणी मारायला आणि जागेवर परत यायला. ही शांतता कापून तिसरं गाणं बसवायचा मोह होतो, आणि सगळं बिघडतं ते तिथेच. सुट्टी वीस मिनिटांची होते.

रोज तीच दोन गाणी ठेवलीस तर घड्याळ बघावं लागत नाही. दुसरं संपलं की परतायचं. पंधरवड्याने कंटाळा आला तर जोडी बदल, पण निवड घरी कर. सुट्टीत गाणं शोधायला बसलीस की सुट्टी शोधण्यातच संपते.

गाणी डाउनलोड करून ठेव, यादीत दोनच असू देत, Autoplay आणि पुनरावृत्ती दोन्ही बंद. लावण्याआधी फोन विमान मोडवर टाक. त्यात ब्लूटूथ बंद झालं तर ते वेगळं सुरू करता येतं. हे केलं नाहीस तर गाण्यासाठी फोन हातात घेतेस आणि मैत्रिणीचा निरोप दिसतो. त्याचं उत्तर काय द्यायचं हे मन पुढच्या बैठकीतही ठरवत बसतं.

इतकं करूनही गाणं डोक्यात राहिलंच तर दोन उपाय आहेत. अर्धवट थांबवलेलं गाणं जास्त चिकटतं, म्हणून ते मनात शेवटापर्यंत म्हणून टाक. नाहीतर च्युइंगगम चघळ. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये हा प्रयोग केला होता. जबडा हलत असताना मनातल्या मनात गाणं म्हणणं अवघड जातं. आणि बसल्यावर वाचनाने सुरुवात न करता सीसॅटचं एखादं मध्यम अवघड गणित सोडव. फार सोपं असेल तर गाणं शेजारी चालू राहतं, फार अवघड असेल तर मन पळ काढून पुन्हा गाण्याकडे जातं.

सकाळच्या पहिल्या बैठकीनंतर यातलं काही नको, तेव्हा अंग ताजंच असतं. जेवणानंतरच्या दोन सुट्ट्यांनाच हे वापर. रात्री नऊनंतर वेगवान गाणं अजिबात नको, नाहीतर झोप लांबते.

तुझी,
आई