टेम्पोचं भाडं कुणी किती द्यायचं?

नाशिक, रविवार

प्रिय मंदे,

पत्र नाही म्हणून फोनवर शिव्या दिल्यास, त्या पोचल्या. आम्ही बरे आहोत. गुडघा तसाच, ह्यांची साखर तशीच. आज लिहायला बसले कारण कालपासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगितली तर तो म्हणेल, दोन रुपयांसाठी एवढं?

आमच्या इमारतीतल्या पाच घरांनी मिळून रविवार कारंज्याजवळच्या घाऊक दुकानातून माल आणला. गव्हाचे पन्नास किलोचे तीन कट्टे, साखरेचा एक, तूरडाळीचा तीस किलोचा एक आणि सोयाबीन तेलाचे पंधरा किलोचे तीन डबे. एकूण २७५ किलो. इंदिरानगरपर्यंत छोटा हत्ती ५५० रुपयांना ठरवला. तो द्वारका चौकात अडकला, मग ड्रायव्हर आमच्यावरच चिडला, ते जाऊ दे. हिशेब अर्थातच माझ्या गळ्यात. आपल्या मुलींच्या मेसपासूनचा शाप आहे तो.

आधी तेलाची गंमत ऐक. दुकानात दोन डबे शेजारी ठेवलेले, दिसायला जुळे. एक २२५० चा, दुसरा २१०० चा. आमचे शेजारी अण्णा लगेच स्वस्ताकडे सरकले. मी चष्मा लावून छापलेलं वाचलं. महागावर १५ किलो, स्वस्तावर १५ लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या जरा वर, आणि भाव पडतो किलोला जवळजवळ १५४. महाग डब्याचा पडतो १५०. दुकानदार गालात हसत होता, त्याला दोन्ही खपवायचेच होते.

घरी आल्यावर तीच भानगड उलटी झाली. एक डबा अण्णांचा दहा किलो आणि वरच्या काकूंचा पाच किलो असा वाटायचा होता. अण्णांनी स्वयंपाकघरातलं लिटरचं माप आणलं, दहा मापं स्वतःच्या कॅनमध्ये ओतली आणि डबा काकूंकडे सरकवला. काकूंचा पाच लिटरचा कॅन काठोकाठ भरला तरी डब्यात दीड लिटर शिल्लक! अण्णा खूश. म्हणाले, "दुकानदारानं जास्त भरलंय, हे पाच घरांत वाटू या." मी म्हटलं, अण्णा, आधी काटा आणा. पंधरा किलो म्हणजे साडेसोळा लिटर. शिल्लक दीड लिटरातलं एक लिटर तुमचंच, अर्धा काकूंचा. काट्यावर ठेवलं तेव्हा पटलं, म्हणजे पटल्यासारखं केलं. पाच किलो तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये मावतच नाही, हे काकूंना मात्र इतकं आवडलं की जिन्यात भेटेल त्याला सांगतायत. रिकामे डबे कुणाचे यावरही वाद होणार होता, मी तिन्ही भंगारवाल्याला देऊन पैसे हमालीत वळते करून टाकले.

आता मुख्य दुखणं. भाडं.

आमच्यातले बँकवाले शेजारी म्हणाले, पाच घरं, प्रत्येकी ११०, विषय संपला. ऐकायला किती सरळ! पण काकूंचं बघ. एकट्या जीवाचा माल तो किती, पाच किलो तेल, पाच किलो साखर, दोन किलो डाळ, सगळा बारा किलो. कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा तेलात किलोमागे १२ वाचले, साखरेत ३, डाळीत १५. बेरीज १०५. त्यांनी ११० भाडं दिलं तर घाऊक आणून पाच रुपये तोटा, वर जिन्यात तेल सांडलं ते वेगळंच.

म्हणून मी वजनावर लावलं. ५५० भागिले २७५, किलोला दोन रुपये. काकूंचे २४. अण्णांचा माल १३३ किलो, त्यातला गहूच शंभर, त्यांचे २६६. झालं, अण्णा उसळले! त्यांचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं, हे तुला सांगते, त्यांना नाही सांगितलं. गहू ३२ रुपये किलो, त्यावर दोन रुपये भाडं म्हणजे गव्हातली निम्मी बचत गेली. तेल १५० चं, त्याला दोन रुपये कळतही नाहीत. तर भाडं किमतीवर लावा. तसंही करून पाहिलं. अण्णांचे २०० होतात, काकूंचे ३८. वाईट नाही. पण मला पटेना, कारण टेम्पोला डाळ महाग की गहू स्वस्त याच्याशी देणंघेणं नसतं.

मग दुसऱ्या बाजूने तपासलं. गहू नसताच तर? उरतो १२५ किलो माल, तो रिक्षात बसला असता. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला विचारलं, म्हणाला अडीचशे घेईन. म्हणजे टेम्पोचे वरचे ३०० गव्हामुळे आणि गहू दीडशे किलो. किलोला दोन रुपये! उरलेल्या मालाचेही अडीचशेला सव्वाशे, तेच दोन. योगायोग आहे, रिक्षावाल्याने तीनशे म्हटलं असतं तर जुळलं नसतं. पण मी तो कागद अण्णांच्या हातात दिला.

इथे तू हसणार. "मेसमध्ये काय म्हणत होतीस?" हस. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार सगळ्यांनी सारखा आणि किराणा जेवणांच्या हिशेबाने, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. तू न जेवलेल्या दिवसांचे पगाराच्या वाट्यातूनही कापायला निघाली होतीस आणि त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो, सुल्या मध्ये निरोप्या. मावशी एकीच्या जेवणासाठीही लागल्याच असत्या. टेम्पो काकूंच्या बारा किलोंसाठी कुणी बोलावला असता?

वजन सगळीकडे चालेल असंही नाही गं. नवं जोडपं म्हणतंय, दिवाळीला चुरमुऱ्यांचं पोतं आणू. ते वजनाला हलकं, पण अर्धा टेम्पो तेच अडवणार. तिथे जागेवर लावावं लागेल, हे मी आत्ताच सांगून ठेवलंय. हमाली मात्र कट्ट्यामागे असते, ती ज्या त्या मालाच्या भावातच धरली. साखर वाटताना प्रत्येकीला जरा झुकतं माप दिलं गेलं आणि शेवटच्या पिशवीला तूट आली. ती माझीच पिशवी होती. वाटणाऱ्याने शेवटी घ्यावं, म्हणजे ओरडा होत नाही.

अण्णांनी २०० दिलेत. ६६ बाकी. मागितले तर "बघू" म्हणतात. पुढच्या खेपेला स्वतंत्र गहू आणणार म्हणे. आणू देत, पण मग आपला माल रिक्षात येईल आणि त्यांचा शंभर किलो गहू कशात? हे त्यांना सांगू की अनुभव घेऊ देऊ? ६६ मी भरून टाकावेत असं ह्यांचं मत. शेजार आहे, म्हणतात. मी भरले तर पुढच्या वेळी सगळेच दोनशे देतील.

तुझ्या सुनेची नोकरी लागली का? घराचा रंग झाला? पेंटरने फसवलं असेलच, सविस्तर लिही. गुढीपाडव्याला येतेस ना, की पुन्हा कारण?

आणि ६६ चं काय करू ते आधी लिही. उत्तरात "मी तेव्हाच म्हणत होते" हे वाक्य आलं तर पत्र परत पाठवीन.

तुझीच,
शुभी